अनुभव धागा : साठलेल्या स्क्रीनशॉटांचा पसारा तुम्ही कसा आवरलात?

पसारा
फोन आणि लॅपटॉप मिळून माझ्याकडे ९४० स्क्रीनशॉट साठले आहेत. पैसे भरल्याच्या पावत्या, संभाषणांचे तुकडे, वाचायचे राहून गेलेले लेख आणि कशासाठी घेतले ते आता आठवतही नाही असे बरेच काही त्यांत आहे. ज्यांनी असा ढीग प्रत्यक्ष उपसला आहे, त्यांनी नावे कशी दिली, फोल्डर किती केले, दुबार प्रती कशा ओळखल्या आणि मुख्य म्हणजे कुठे फसगत झाली ते लिहावे, ही विनंती.

मोजपट्टी
मी हे काम गेल्या वर्षी १,२०० चित्रांवर केले. सगळे एका फोल्डरमध्ये आणले, त्याची न हात लावायची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली, आधी दुबार प्रती काढल्या आणि मगच नावांकडे वळलो. हा क्रम उलटा केला, तर एकाच चित्राला दोनदा विचार करून दोन निराळी नावे दिली जातात आणि पुढे दोन्ही महत्त्वाची वाटू लागतात.

तंतोतंत सारख्या फाइली शोधणे सोपे आहे. पुढची आज्ञा फक्त यादी दाखवते, काही पुसत नाही.

```
fdupes -r screenshots
```

माझ्याकडे अशा १६० निघाल्या आणि त्या मी डोळे झाकून काढल्या. खरी अडचण ‘सारख्या दिसणाऱ्या’ चित्रांची आहे. अशी चित्रे शोधणारे प्रोग्रॅम साधारणपणे प्रत्येक चित्र आक्रसून अगदी चिमुकले करतात आणि त्यांतल्या उजेड-अंधाराची तुलना करतात. फोटोंसाठी ही रीत चांगली चालते, पण स्क्रीनशॉटमध्ये वरची पट्टी तीच, पांढरी पार्श्वभूमी तीच आणि फरक असतो तो फक्त अक्षरांत. नेमकी तीच अक्षरे आक्रसताना पुसली जातात.

माझ्या प्रोग्रॅमने १४ चित्रांचा एक गट करून त्यांतले एक ठेवा, तेरा काढा असे सुचवले. सगळ्यांवर तीच मोठी हिरवी खूण आणि तीच मांडणी होती. सहज म्हणून दोन शेजारी शेजारी उघडली, तेव्हा एकावर सकाळची वेळ होती आणि दुसऱ्यावर रात्रीची. मग रकमा पाहिल्या. त्या चौदा महिन्यांच्या चौदा वेगवेगळ्या पावत्या होत्या.

त्यानंतर मी दिसण्यावर विसंबणे सोडले आणि वेळेकडे पाहू लागलो. फाइली नावानुसार लावल्या की `Screenshot_20240312-184507.png` आणि `Screenshot_20240312-184511.png` अशा जोड्या आपोआप शेजारी येतात. चार सेकंदांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रे म्हणजे एक तर पहिला प्रयत्न फसल्यामुळे केलेला दुसरा असतो, नाही तर एकाच लांब पानाचे पुढचे-मागचे तुकडे असतात. पहिल्या प्रकारात एक काढायचे, दुसऱ्या प्रकारात दोन्ही ठेवून नावाच्या शेवटी 1, 2 असे क्रमांक द्यायचे. काही दिवसांच्या अंतराची चित्रे कितीही जुळी दिसली, तरी मी ती दुबार मानत नाही.

घाईगडबड
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. जागा कमी पडली म्हणून मी आयफोनवर विषयवार अल्बम केले, चित्रे त्यांत टाकली आणि मग मूळ ठिकाणी उरलेल्या ‘प्रती’ निवडून पुसल्या. अल्बमही रिकामे झाले! अल्बममध्ये प्रत जात नाही, त्याच चित्राकडे बोट दाखवणारी नोंद तेवढी जाते, हे मला तेव्हा कळले. अलीकडे पुसलेल्यांच्या यादीत ती ३० दिवस राहतात, म्हणून वाचले. जागा मात्र अजून कमीच आहे. त्यावर कोणाकडे उपाय आहे का?

पसारा
जागेचा प्रश्न इथे नको, पण अल्बमबद्दलचा इशारा फार उपयोगी आहे. मीही उद्या तेच करणार होते.

अर्धविराम
नावे हाताने देत बसण्याची गरज नाही. फाइलीच्या गुणधर्मांत बदलाची तारीख असते आणि ती कधीच हलत नाही. तीच नावात घालावी. मी सगळी नावे एका आज्ञेने बदलली.

```
exiftool '-FileName<FileModifyDate' -d '%Y-%m-%d_%H%M%S%%-c.%%e' screenshots
```

मोजपट्टी
आज्ञा बरोबर आहे, पण ‘कधीच हलत नाही’ हे बरोबर नाही. विंडोजमध्ये साधी कॉपी केली, तर निर्मितीची तारीख नवी होते आणि बदलाची तारीख टिकते, एवढ्यापुरते आपले म्हणणे खरे आहे. पण चित्र कापले किंवा त्यावर खूण करून जतन केले की बदलाची तारीखही नवी होते. एकाच तारखेच्या दोन-तीनशे फाइली दिसल्या, तर ती हलवाहलवीची तारीख आहे असे समजावे. मूळ नावात वेळ असेल, तर ती आधी घ्यावी. `IMG_0412.PNG` किंवा `Screenshot (37).png` अशा नावांत वेळ नसते, तिथेच गुणधर्मांकडे जावे.

अर्धविराम
मान्य आहे. आत्ता तपासले, तर माझ्याकडे एकाच दुपारचे ३१० स्क्रीनशॉट निघाले. मूळ नावे आता गेली. काहींच्या वरच्या पट्टीत वेळ दिसते, पण तारीख दिसत नाही.

वेलांटी
देवनागरी नावे देणाऱ्यांसाठी तीन गोष्टी लिहिते. तारखेचे आकडे इंग्रजीच ठेवा. काही नावांत `2024` आणि काहींत `२०२४` असेल, तर क्रमवारीत दोन वेगळे गट पडतात. दुसरे म्हणजे नाव आटोपशीर असू द्या. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून ८५ चिन्हांत नाव संपते. विंडोजवर सुखाने नांदणारी माझी काही नावे दुसऱ्या डिस्कवर नेताना `File name too long` म्हणून अडली.

तिसरी गोष्ट मला सर्वांत उशिरा उमगली. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. दिसायला तो जवळपास तसाच असतो, पण एका प्रकारात आत एक अदृश्य जोडचिन्ह असते. फोनवर दिलेले नाव लॅपटॉपच्या शोधात सापडेना, म्हणून मी अर्धा तास फोल्डर चाळत बसले होते. आता मी नावात असे शब्द टाळते आणि `2024-03-12_वीजबिल_पावती.png` इतकेच लिहिते.

घाईगडबड
आणि फोल्डर किती करावेत? माझे २३ झाले आहेत आणि प्रत्येक नवे चित्र निदान दोन फोल्डरांत बसते.

वेलांटी
मी तीनच ठेवले आहेत: पुरावा, संदर्भ आणि ‘काम बाकी’. विषय नावात असतोच, त्यामुळे फोल्डरने ते चित्र का ठेवले आहे एवढेच सांगावे.

मोजपट्टी
मला हे पटत नाही. ‘काम बाकी’मध्ये माझी १८० चित्रे पडून होती आणि त्यांतले एकही काम बाकी नव्हते. मी वर्षवार फोल्डर करतो आणि बाकीचे शोधावर सोडतो. अर्थात, त्यासाठी नावे नीट द्यावी लागतात आणि तेवढा धीर सर्वांकडे नसतो, हेही खरे.

पसारा
काल ९४० पैकी ११० तंतोतंत प्रती काढल्या. आता एक पेच उरला आहे. मेसेजिंग ॲपमधून परत आलेल्या काही चित्रांची मूळ प्रतही माझ्याकडे आहे. आकार वेगळा, विस्तार `.png` ऐवजी `.jpg`, त्यामुळे ती यादीत आली नाहीत. मोठी करून पाहिली, तर `.jpg`मधल्या अक्षरांभोवती धूसर ठिपके दिसतात, म्हणून मूळ प्रत ठेवते आहे. पण ती कोणाला, कधी पाठवली हे दुसऱ्याच प्रतीच्या नावातून कळते. ही माहिती कोणी कुठे ठेवता का?