तूरडाळीच्या क्विंटलमागे दरवर्षी 5 टक्के खर्च कमी: लक्ष्य ठेवावं का?

दारव्हा_दालमिल
यवतमाळ जिल्ह्यात आमची छोटी दालमिल आहे, फटका तूरडाळ काढतो. पंधरा वर्षांपासून माल तोच, गिऱ्हाईक तेच. पुतण्या सहा वर्षं पुण्याकडे मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होता, यंदा घरी परतला. तो म्हणतो, तिकडे चालू मालावरही दरवर्षी नगामागे खर्च घटवायचं लक्ष्य असतं, कायझेन कॉस्टिंग म्हणतात. आपणही डाळीच्या क्विंटलमागे 5 टक्के धरू. मागल्या वर्षी क्विंटलला 9,857 रुपये खर्च पडला. हमाल आणि निवडणाऱ्या बाया घाबरल्या आहेत. लक्ष्य ठेवावं का? ठेवलं तर किती?

प्रेसवाला_बुटीबोरी
नका ठेवू भाऊ. म्या अकरा वर्षं एमआयडीसीत प्रेसवर काम केलं. मोठी कंपनी आमच्या मालकाले दरवर्षी भाव कमी करून मागे आणि मालक तो आमच्याकडून काढे. पह्यल्या वर्षी खरंच चांगलं झालं, डाय बदलाचा वेळ अर्ध्यावर आला, पत्र्याचं भंगार कमी झालं. दुसऱ्या वर्षीही निघालं थोडं. तिसऱ्या वर्षी मशीनमधून काढाले काही उरलं नाही, पण टक्का तोच राह्यला. मंग सहा जणांचं काम चौघं करू लागले. तुमच्या बाया उगाच घाबरल्या नाहीत.

खर्चवही
लक्ष्य ठेवा, पण 5 टक्के 9,857 वर लावू नका. एवढं ठरवण्याआधी त्या रकमेची फोड इथे टाका: तूर किती भरडली, डाळ किती निघाली, चुनी-भुशाचे किती आले, आणि मिलमध्ये खर्च किती झाला. तुरीचा भाव तुमच्या हातात नाही. बाजार समितीत तूर पडली तर पुतण्याचं लक्ष्य एका रात्रीत पूर्ण होईल आणि चढली तर सगळ्यांनी राबूनही फसेल. दोन्हीतून मिलमध्ये काय सुधारलं हे कळणार नाही.

दारव्हा_दालमिल
तूर 4,000 क्विंटल, सरासरी 7,000 भावाने. डाळ 2,800, म्हणजे उतारा 70 टक्के. चुनी आणि भुसा मिळून 26 टक्के, सरासरी 2,000 रुपये क्विंटल गेला. मिलचा खर्च डाळीच्या क्विंटलमागे 600. त्यातले 200 शेड, कर्जाचं व्याज, मुनीम असे ठरलेले. बाकी 400 वीज, हमाली, निवडाई, तेल, एमरी, बारदाना.

सीए_इंटर_अमरावती
यात नवीन काही नाही. तुरीच्या दाण्यात टरफल साधारण 15 टक्क्यांच्या आतबाहेर असतं, म्हणजे आदर्श उतारा 85. तोच मापदंड धरा, दर महिन्याला प्रत्यक्षात किती कमी पडलो तो फरक काढा आणि त्याचं कारण शोधा. स्टँडर्ड कॉस्टिंग हेच करतं.

खर्चवही
फरक काढून कारण शोधायचं हे बरोबर, पण तुलना कशाशी करायची तिथे गाडी वेगळ्या रस्त्याला लागते. स्टँडर्ड कॉस्टिंगमध्ये मापदंड आधी ठरतो आणि काम त्या मापाला धरून ठेवायचं असतं. इथे पाया मागल्या वर्षी प्रत्यक्षात पडलेला खर्च असतो आणि यंदा त्याच्या खाली यायचं असतं. जपानच्या मोटार कारखान्यांतली ही पद्धत यासुहिरो मोंडेन यांनी तपशिलात मांडली आहे. मागल्या वर्षीचा नगामागचा प्रत्यक्ष खर्च, गुणिले यंदाचं ठरलेलं उत्पादन, गुणिले घटीचा टक्का. टक्का नफ्याची गरज बघून ठरतो, आणि तो ज्या खात्याच्या हातात जो खर्च आहे त्या प्रमाणात वाटला जातो. 85 चा मापदंड 70 वाल्या मिलसमोर ठेवला तर वर्षभर फरकच दिसेल. दुसऱ्या महिन्यानंतर तो कागद कोणी उघडणार नाही.

आता तुमचा हिशोब. क्विंटलभर डाळीला 10,000 ची तूर लागते, चुनी-भुशाचे 743 परत येतात, मिलचे 600 चढतात. 9,857 जुळतात. याचे 5 टक्के 493 होतात. हात लावण्यासारखा मिलखर्च मात्र फक्त 400 चा आहे. वीज, हमाली, तेल सगळं फुकट मिळालं तरी 493 भरत नाहीत. मोटारीच्या सुट्या भागात कच्च्या मालाचा वाटा असा नसतो, म्हणून पुतण्याला तिथे दिसलेला टक्का इथे बसत नाही.

पैसा उताऱ्यात आहे. भाव 7,000 वरच गोठवून 70 चे 71 करून बघा. तूर 141 रुपयांची कमी लागते, चुनी-भुशाचे 39 कमी येतात, निव्वळ 102 वाचतात. उताऱ्याचा एक टक्का म्हणजे तुमच्या हातातल्या 400 चा चौथा हिस्सा. आणि त्यात कोणाच्या मजुरीला हात लावावा लागत नाही.

बचतगट_ताई
आमच्या गटाकडे पीकेव्ही मिनी दाल मिल आहे, लोकांची तूर भरडून देतो. भरडाई कमी करा असं गावात सगळेच म्हणतात, पण किलोमागचा दर कमी केला तर वीजबिल निघत नाही. तुम्ही पण दर कमी करू नका दादा.

दारव्हा_दालमिल
ताई, दर नाही कमी करायचा. आम्हाला पडतो तो खर्च कमी करायचा आहे.

बचतगट_ताई
हो का, मी उलटं वाचलं. मग उताऱ्याचं सांगते. आमच्याकडे प्रत्येकाची तूर वेगळी तोलून घ्यावी लागते आणि डाळ वेगळी तोलून द्यावी लागते, नाहीतर भांडण. त्यामुळे आम्हाला दिसतं की एकाच दिवशी, त्याच यंत्रावर एकाची डाळ दुसऱ्यापेक्षा क्विंटलमागे तीन-चार किलो जास्त निघते. एकाचा दाणा सारखा आणि वाळलेला असतो, दुसऱ्याचा लहान-मोठा मिसळलेला. मोठा दाणा रोलरमध्ये घासून निघतो तोवर बारक्याचं टरफल तसंच राहतं. मग पुन्हा फिरवा, की मोठ्याचं पीठ होऊन चुनीत जातं. आता आम्ही आधी दोन चाळण्या लावतो आणि मोठा, बारीक वेगळा चालवतो. तेवढ्याने फेरे कमी झाले.

खर्चवही
ताईंनी धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली. दारव्हावाल्यांनी रोलरच्या आधी प्रतवारी होते का, एमरी एका बाजूने झिजली आहे का, तेल लावून तूर किती तास मुरते आणि मग किती उन्हं खाते, एवढं बघावं. निम्मा टक्का त्यातून निघावा.

माझं म्हणणं असं. यंदा 3,000 क्विंटल डाळ धरली तर उतारा 70 वरून 70.5 करा, त्याचे 51 रुपये. हातातल्या 400 वर 5 टक्के, त्याचे 20. मिळून क्विंटलमागे 71, वर्षाला 2 लाख 13 हजार. 9,857 च्या मानाने हे पाऊण टक्काही नाही, पण मिलमध्येच कमावलेलं असेल.

एक जपा. उत्पादन 2,800 वरून 3,200 झालं तर ठरलेल्या 200 चे आपोआप 175 होतील. ते 25 सुधारणेत धरू नका. पुढल्या वर्षी पाऊस नाही झाला, तूर कमी आली, की तेच 25 उलटे फिरतील आणि दोष बायांवर येईल.

प्रेसवाला_बुटीबोरी
400 मधल्या 20 रुपयांत हमाली-निवडाई येते की नाही ते सांगा. आमच्याकडेही सुरुवातीले "मजुरीले हात नाही" असंच म्हणत.

खर्चवही
येते. चारशेतला मोठा वाटा तोच आहे, लपवत नाही. वीज आणि एमरीतूनच 20 काढता येतील असं मला वाटतं, कारण फेरे कमी झाले की दोन्ही कमी होतात. पण निवडाईचा वेळही घटेल, कारण डाळीत टरफलाचा दाणा कमी राहील. तो वाचलेला वेळ बाईचा रोज कापायला वापरायचा की जास्त माल काढायला, हे मालकाने आधी बोलून टाकावं.

प्रेसवाला_बुटीबोरी
बोलून नाही, लिहून. आणि तिसऱ्या वर्षी निम्मा टक्का नाही निघाला तर काय, हेही लिहा. दरवर्षी नवा पाया खाली जाते, पण दाण्यात डाळ तेवढीच राह्यते.

खर्चवही
हे खरं आहे. टक्का दरवर्षी तोच ठेवायचा नियम नाही, तो नव्याने ठरवायचा असतो. पण आधीच सूट लिहून दिली तर दुसऱ्या वर्षी कोणी शोधणारच नाही, अशी मला भीती आहे. यावर आपलं एकमत होणार नाही.

सीए_इंटर_अमरावती
उतारा कागदावर वाढवणंही सोपं आहे ना? डाळ थोडी ओली तोलली की झालं.

खर्चवही
अगदी. पाणी मारून उन्हात पुरती न वाळवता भरली तर 70 चे 71 होतात, आणि पावसाळ्यात गिऱ्हाईकाच्या गोदामात पोत्याला बुरशी लागते. पकडायचं कसं? डाळ, चुनी, भुसा तिन्ही तोला. 100 तुरीतून 70 डाळ आणि 26 चुनी-भुसा, म्हणजे 4 धूळ आणि ओल्यात गेले. डाळ 71 झाली तर चुनी-भुसा 25 व्हायला हवा. तो 26 च राहिला आणि तूटच 3 झाली, तर वाढलेला एक बहुतेक पाणी आहे. मग मोईश्चर मीटर लावून बघा.

दारव्हा_दालमिल
काल रात्री हे वाचून मुनीमला घेऊन वही उघडली. चुनी आणि भुसा आम्ही तोलतच नाही. पोती मोजून जातो, पोतं 40 किलोचं धरतो. आज सकाळी पाच पोती काट्यावर ठेवली: 33, 38, 35, 41, 34. म्हणजे 26 टक्के हा आकडाच धरलेला. डाळ तोलून जाते, पण मागल्या वर्षीचा शिल्लक साठा किती होता याची नोंद नाही, म्हणजे 70 वरही माझा भरवसा राहिला नाही.

खर्चवही
मग यंदाचं लक्ष्य आत्ता ठरवू नका. पायाच नाही. तूर आत येताना, डाळ, चुनी, भुसा, चारही लॉटवार तोला, भाव 7,000 गोठवून तीन महिने हिशोब लिहा आणि मग टक्का ठरवा. उन्हाळ्याचे तीन महिने घेतले तर तो उतारा पावसाळ्याला लावू नका, वाळवणीत फरक पडतो.

दारव्हा_दालमिल
पुतण्याला दाखवलं. तो म्हणतो तीन महिने नुसतं तोलण्यात घालवले तर हंगाम जाईल, निम्मा टक्का आजपासून धरू आणि पाया मागाहून दुरुस्त करू. मला ते पटत नाही, पण दोन चाळण्या आजच लावायला आमची दोघांची हरकत नाही. ताई, तुमच्या चाळण्यांची भोकं किती मिलिमीटरची आहेत?

बचतगट_ताई
मोजून सांगते दादा. मिल उद्या उघडते.