रिगेननं फॅन छोटा होते म्हणे!

सदरकर: डक्टचं माप काढायची इक्वल फ्रिक्शन पद्धत, म्हणजे दर मीटरला घर्षण सारखं ठेवणं, आता बंद करा. त्यात रिगेन, म्हणजे हवेचा वेग उतरला की परत येणारा दाब, मिळतच नाही. स्टॅटिक रिगेन पद्धतीत डक्ट अशी मोठी करतात की हा दाब घर्षण भरून काढतो, त्यानं डक्टमधला लॉस शून्य होतो आणि फॅन छोटा लागतो. सभागृहाची डक्ट अजूनही तक्ता बघून कोण काढतं?

जुना_डिझायनर: मी काढतो. आणि रिगेन काही पद्धत विचारून येत नाही, हवेचा वेग कमी झाला की तो येतोच. गेल्या महिन्यातलं सभागृह घ्या. मेनमध्ये 2 घनमीटर प्रति सेकंद हवा, वेग 8 मीटर प्रति सेकंद. पहिल्या फाट्यावर पाव हवा गेली, पुढचा तुकडा 8 मीटरचा. इक्वल फ्रिक्शननं 505 मिमीची गोल डक्ट आली, वेग 7.5. घर्षण साधारण 9.3 पास्कल. वेगाचा दाब 38.4 वरून 33.7 वर उतरला. या घटीतला पाऊण भाग, म्हणजे 3.5 पास्कल, स्टॅटिक दाब म्हणून परत आला. लोक हे 3.5 धरतच नाहीत, म्हणून फॅन मोठा निघतो.

तुमच्या पद्धतीनं तोच तुकडा 526 मिमी, वेग 6.9. रिगेन 7.4, घर्षण 7.6. स्टॅटिक जवळपास जागच्या जागी राहिला, पण तो दाब फॅननंच आधी दिलेल्या वेगातून आलाय. फुकट काय मिळालं?

पत्रेवाला_हिंगणा: एकवीस मिमीसाठी भांडून राहिले का भाऊ? चौकोनी डक्ट आम्ही 50 मिमीच्या पटीत कापतो. तुमचा तो रिगेन कात्रीखालीच जाते. वरून शेवटच्या तुकड्यात पत्रा वाढला की बिल कापायला पहिले इंजिनियरच येते.

मानेवाडा_गच्ची: आमच्या गच्चीवरच्या कूलरची हवा तिसऱ्या खोलीत येतच नाही. मे महिन्यात पोरं हॉलमध्ये झोपतात. कोणती पद्धत लावू?

पत्रेवाला_हिंगणा: पंखा पात्यांचा आहे का? थोडाही दाब आडवा आला की तो हवा सोडून देते. फ्लेक्सिबल डक्ट दाबून, वळवून बसवली असन तर ती पहिले ताणा.

मानेवाडा_गच्ची: ताणली. काही फरक नाही.

जुना_डिझायनर: त्या खोलीची खिडकी उघडी असते का?

मानेवाडा_गच्ची: डास येतात म्हणून बंद.

जुना_डिझायनर: मग हवा शिरणार कुठून? कूलरची हवा बाहेर जायलाच हवी. जाळी लावा, खिडकी उघडा. पद्धत-बिद्धत नंतर.

सदरकर: धागा कूलरवाल्यांचा झाला वाटतं. ठीक आहे, "शून्य" चुकलं. पण तुमच्या डक्टमध्ये फॅनजवळच्या फाट्यावर दाब जास्त राहतो, डॅम्पर आवळावा लागतो आणि डिफ्यूजर शिट्टी मारतो. माझ्याकडे सगळ्या फाट्यांवर स्टॅटिक सारखा, बॅलन्सिंग अर्ध्या दिवसात.

जुना_डिझायनर: लांब डक्टवर एकसारखे डिफ्यूजर असतील तर मान्य. चार फाट्यांच्या सभागृहात नाही.

सदरकर: चारच? मग आधी सांगायचं ना!

मानेवाडा_गच्ची: खिडकी उघडली. हवा आली. डासही आले.