मदत हवी आहे: पोरासाठी चित्रांचं पुस्तक करतेय, वेळांचे आणि दिशांचे शब्द

कासव_धावलं
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज. मुलगा साडेपाच वर्षांचा, पुण्यात इंग्लिश मीडियमला, आणि त्याच्यासाठी दिवसाला दोनच भाग आहेत, "सकाळ" आणि "नाइट". परवा आजी म्हणाली तिन्हीसांजेला झोपू नकोस तर हा विचारतो तीन कोण? म्हणून हातानेच एक पुस्तक करतेय, कार्डशीटची १२ पानं, प्रत्येक पानावर तेच घर, तेच आंब्याचं झाड आणि तोच मुलगा, फक्त वेळ बदलते. शेवटची दोन पानं दिशांची. पहाटेचं पान झालंय, डोंगरामागून केशरी सूर्य अर्धा वर आलाय, कोंबडा आहे. पण नवरा म्हणतो ही पहाट नाहीच. आणि संध्याकाळ, सांजवेळ, तिन्हीसांजा, दिवेलागण, कातरवेळ यांची वेगवेगळी चित्रं काढायची कशी? दिशांचं तर काहीच सुचत नाहीये.

शेवंती
किती गोड आयडिया! पहाटेच्या जागी रामप्रहर लिहा, मस्त शब्द आहे. म्हणजे सकाळी सहा ते नऊ, दिवसाचा पहिला प्रहर.

बांधावरचा
नवरा बरोबर बोलतोय ताई. पहाटेच्या चित्रात सूर्य आला की ती पहाट राहतच नाही. पहाट म्हणजे अंधारच, आकाशात चांदण्या, एखाद्या घरात चुलीचा उजेड, कोंबडा मात्र बरोबर आहे तो राहू द्या. मग झुंजुमुंजु, म्हणजे झाड आहे एवढं कळतं पण पानं वेगळी दिसत नाहीत, चित्रात सगळं राखाडी करा. मग तांबडं फुटतं, आकाश लाल पण सूर्य अजून नाहीच. मग उजाडतं. तुमचं झालेलं पान "दिवस उगवला" म्हणून वापरा, वाया जाणार नाही. आणि त्यानंतरचं एक पान माझ्याकडून घ्या, "कासराभर दिवस वर आला". कासरा म्हणजे बैलाचा दोर, क्षितिजापासून सूर्य तेवढा वर दिसला की आमचे आजोबा म्हणायचे कासराभर दिवस आला, न्याहारी आणा. डोंगरावरून सूर्यापर्यंत एक दोर काढा, पोराला लगेच कळेल.
शेवंतीताई, रामप्रहर सहा ते नऊ हे मला पटत नाही. आमच्याकडे "रामपारी उठला" म्हणजे उजाडायच्या आत उठला. नऊ वाजता उठणाऱ्याला रामपारी उठला म्हटलं तर गाव हसेल.

शेवंती
अहो पण प्रहर तीन तासांचा असतो ना, आठ प्रहरांचे चोवीस तास, मग सूर्योदयापासून पहिला धरला तर सहा ते नऊच येतो की.

बांधावरचा
हिशोब बरोबर आहे, पण बोलताना कुणी तो हिशोब करत नाही. पुस्तकात घालूच नका म्हणतो मी, पहाट पुरे.

टू_बीएचके
दिशांचा विषय निघालाय म्हणून विचारतो, आमच्या नवीन फ्लॅटचं किचन वायव्येला येतंय, आग्नेयेला नाही, चालेल का? बिल्डर म्हणतो काही फरक पडत नाही.

कासव_धावलं
@टू_बीएचके दादा हा लहान मुलांच्या पुस्तकाचा धागा आहे 🙂

गच्चीतला_तारा
दिशांचं पान सगळ्यात मजेशीर होऊ शकतं कारण आपल्या शब्दांतच ते चित्र आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहा. संस्कृतात पूर्व म्हणजे पुढचं, पश्चिम म्हणजे मागचं आणि दक्षिण म्हणजे उजवंसुद्धा. म्हणजे पुढे पूर्व, पाठीमागे पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण, उरलेल्या डाव्या हाताला उत्तर. मुलासाठी याआधी उगवती आणि मावळती हे दोन शब्द शिकवा, ते डोळ्यांना दिसतात.
पण चित्र काढताना एक चूक हमखास होते. मुलाचा चेहरा आपल्याकडे काढतात, मग त्याचा उजवा हात पानावर डावीकडे जातो आणि वाचणारं पोर गोंधळतं. पाठमोरा मुलगा काढा, हात पसरलेला, समोर पानाच्या वरच्या बाजूला सूर्य. आता अडचण अशी की शाळेतल्या नकाशात उत्तर वर असते आणि तुमच्या पानावर पूर्व वर आली. म्हणून दिशा पानावर लिहूच नका, पुठ्ठ्याची गोल चकती कापून मध्ये टाचणीने फिरती बसवा. सूर्याचं पान बघताना पूर्व वर करायची, नकाशा बघताना उत्तर वर. पूर्व वर असताना ईशान्य डावीकडे वर येते, आग्नेय उजवीकडे वर, नैऋत्य उजवीकडे खाली आणि वायव्य डावीकडे खाली. नैऋत्येच्या कोपऱ्यात काळा ढग काढा, जूनचा पाऊस तिकडूनच येतो.

शेवंती
दुपारच्या पानावर सावली बरोबर पायाखाली दाखवा म्हणजे "टळटळीत दुपार" कळेल.

गच्चीतला_तारा
उन्हाळ्यापुरतं ठीक आहे, पण पुण्यात सावली खरोखर पायाखाली येते ती वर्षातून दोनच दिवस, एक मे महिन्याच्या मध्याला आणि दुसरा जुलैच्या अखेरीला, आणि तीही घड्याळात बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा एक मीटर उंचीच्या पोराची सावली ९० सेंटिमीटरच्या आसपास पडते, आणि ती उत्तरेकडे. म्हणून झाडावर चैत्रातल्या कैऱ्या काढल्या असतील तर सावली अगदी आखूड काढा. आंब्याला मोहोर असेल तर लांब.

कासव_धावलं
अरे देवा, मी कैऱ्या काढल्यात आणि सावली लांबच लांब! खोडते. चकती काल रात्रीच केली, टाचणी टोचेल म्हणून शर्टाचं बटण शिवलं मध्ये, छान फिरते. आज सकाळी गच्चीत पोराला उभं केलं तर म्हणतो "आई सूर्य त्या टाकीच्या मागून आला, चकतीवर तर सरळ समोर आहे". होकायंत्र लावून पाहिलं तर खरंच थोडा उत्तरेकडे सरकलेला.

गच्चीतला_तारा
पोरगा हुशार आहे. बरोबर पूर्वेला तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच उगवतो, उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकतो आणि थंडीत दक्षिणेकडे. टाकीच्या आधाराने दर महिन्याला खडूने खूण करायला सांगा त्याला.

कासव_धावलं
करतो आम्ही. आता संध्याकाळचं सांगा कुणीतरी.

बांधावरचा
आधी "उन्हं कलली", मग "दिवस मावळला", मग "दिवेलागण", तीन पानं झाली. दिवेलागणीला देवापाशी समई आणि बाहेर अजून थोडा उजेड. गुरं धूळ उडवत येतात ती गोरजवेळ, पण शहरातल्या पोराला गुरं दिसणार कुठे. कातरवेळ सोडून द्या, ती वेळ कमी आणि मन जास्त आहे, रंगाने दाखवता येईल पण पाच वर्षांच्या पोराला काय सांगणार.

शेवंती
आणि तिन्हीसांजा म्हणजे सकाळ दुपार संध्याकाळ अशा तीन संध्या.

बांधावरचा
मग आई फक्त संध्याकाळीच का ओरडायची, तिन्हीसांजेला केस विंचरू नको म्हणून? दुपारी कधी नाही ओरडली. दिवस, रात्र आणि मधली सांज अशा तीन, असं एका गुरुजींनी सांगितलं होतं, पण तेही खात्रीने नव्हते बोलत.

कासव_धावलं
पोराला सांगितलं की तीन कोण ते धाग्यावरच्या लोकांनाही माहीत नाही. तो म्हणाला मग मी, आजी आणि दिवा. त्या पानावर तेच तिघं काढतेय, कुणाला खरं कारण माहीत असेल तर खाली लिहा, मागच्या बाजूला पेन्सिलने टीप टाकेन.