स्टॉपलॉसचं स्लिपेज: मीडियन धरायचं की सरासरी?

थीटावाला: निफ्टी ऑप्शनचा इंट्राडे शॉर्ट स्ट्रॅडल, लेगला 25% स्टॉपलॉस. बॅकटेस्टमध्ये एन्ट्री-एक्झिटला 0.5-0.5 पॉइंट स्लिपेज कापून लेगमागे 3 पॉइंट उरतात. 45% लेगना स्टॉपलॉस लागतो. लाइव्हमध्ये एन्ट्रीला आणि 3:15 च्या एक्झिटला सरासरी 0.3 जातात. स्टॉपलॉसला मात्र मीडियन 0.8 आणि सरासरी 2.1. कुठला आकडा टाकू?

सरळमार्गी: मीडियन. दोन-चार वेड्या दिवसांनी सरासरी फुगते, नेहमीचा खर्च मीडियनच दाखवतो.

ऑर्डरबुक: नेहमीचा खर्च दाखवतो हे खरं, पण खात्यातून पैसे जातात ते सरासरीने. स्लिपेजआधीचा नफा 4 पॉइंट. मीडियन धरलात तर खर्च सुमारे 0.83, म्हणजे निकाल 3.17, आधीपेक्षा चांगला! सरासरीने खर्च 1.41 आणि उरतात 2.59. शॉर्ट ऑप्शनमध्ये नुकसान त्या वेड्या दिवसांतच असतं, ते वगळून कसं चालेल?

त्याआधी एक तपासा. ट्रिगर 150 आणि मिनिटाची कँडलच 156 ला उघडली, तर तुमचा कोड 150 लाच एक्झिट देतो का? देत असेल तर आधी हे दुरुस्त करा:

```
fill = max(trigger, candle_open)
```

मग लाइव्हचं स्लिपेजही याच संदर्भभावापासून मोजा. ट्रिगरपासून मोजलंत तर तेच 6 पॉइंट दोनदा कापले जातील.

रोखीतला: मी मिडकॅप शेअर मार्केट ऑर्डरने घेतो, तिथे 0.2% धरलं की भागतं. तुम्हीही टक्केवारी लावा की.

ऑर्डरबुक: इथे नाही जमत. 20 रुपयांच्या प्रीमियमवर 0.2% म्हणजे 4 पैसे, टिकच 5 पैशांचा. शिवाय 2021 पासून एनएसईवर ऑप्शनला एसएल-मार्केट ऑर्डर बंद आहे. 150 ट्रिगर, 155 लिमिट लावली आणि भाव उडी मारून 160 ला गेला, तर ऑर्डर तशीच लटकते. नंतर हाताने 168 ला कव्हर केलंत तर तो फिल नोंदीत हवाच. टूलच्या यादीत ती ऑर्डर बहुधा ‘रद्द’ दिसते आणि मोजणीतून गळते.

शंकेखोर: नमुना किती? 60 स्टॉपलॉसमध्ये असा एक 18 पॉइंटचा असेल, तर तो काढताच सरासरी 2.1 वरून 1.83 वर येते. एका फिलवर निकाल हलतो. त्यात हे महिने शांत असतील तर 2.1 सुद्धा कमीच. मी सरळ दुप्पट धरेन.

ऑर्डरबुक: दुप्पट हा अंदाज झाला, मोजमाप नव्हे. एक्स्पायरीचे फिल वेगळे काढा. 2.1 वर निकाल काढा, मग 4 वर काढून बघा. तिथे 1.7 च्या आसपास उरतात.

शंकेखोर: त्यातून ब्रोकरेज, एसटीटी अजून जायचंय. मी तरी एवढ्यावर लॉट वाढवणार नाही.

थीटावाला: तपासलं, कोड 150 लाच एक्झिट देत होता. म्हणजे मूळचे 4 पॉइंटही फुगलेलेच. दुरुस्त करून नवे आकडे टाकतो. एक्स्पायरीचे स्टॉपलॉस मात्र फारच थोडे आहेत, त्यांची वेगळी सरासरी कितपत धरावी?