बीसीसीतल्या साहेबांनी रिप्लाय ऑल दाबलं तेव्हा

निळी_शाई:
बीसीसी हा प्रकार ऑफिसच्या मेलमधून काढूनच टाकायला हवा. ज्याला कळवायचं त्याला उघड सीसीत ठेवा, हिंमत नसेल तर ठेवू नका. गुपचूप वाचायला देणं म्हणजे भिंतीआड माणूस बसवून बोलणं. आणि रिप्लाय ऑलला सारखी नावं ठेवणाऱ्यांनो, उत्तर सगळ्यांना गेलं तर बिघडलं काय एवढं?

खडूस_कारकून:
काय बिघडतं ते सांगतो, माझंच बिघडलेलं आहे.

एका पुरवठादाराकडून कोटेशन तीन आठवडे येत नव्हतं. मी जरा कडक मेल लिहिला, टू मधे त्यांचे तिघं, सीसीत आमच्याकडचे दोघं, आणि साहेबांना फक्त माहिती असावी म्हणून बीसीसी. साहेब कुठेतरी प्रवासात, फोनवर मेल उघडला, रिप्लाय ऑल दाबलं आणि लिहिलं, "छान झापलंस. आता दोन दिवस गप्प बस, आपोआप नरमतील." हे गेलं कुणाला? मला, आमच्या दोघांना आणि त्या तिघांना!! पाचव्या मिनिटाला तिकडून फोन, "म्हणजे साहेब आधीपासून ऐकत होते का?" काय बोलणार. कोटेशन आलं नंतर, पण त्या माणसाने पुढे वर्षभर मला एक ओळ मेलवर लिहिली नाही, सगळं फोनवर, म्हणजे माझ्याकडे लेखी काही राहू नये म्हणून.

तेव्हा बीसीसी वाईट हे तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, पण नैतिकतेची कारणं बाजूला ठेवा. बीसीसीतल्या माणसाला आपण लपलेलो आहोत हे लक्षातच राहत नाही. त्याच्या समोर मेल इतर मेलसारखाच दिसतो आणि रिप्लाय ऑलचं बटण तिथेच असतं. आणि तुमचं दुसरं अर्धं तर साफ चूक, कारण तेच रिप्लाय ऑल नसतं तर काहीच घडलं नसतं.

चहाटळ:
साहेबांचं वाक्य फ्रेम करून लावा 😄

पण एक सांगू, लपून वगैरे काही राहत नाही. मेलचं हेडर उघडून बघा, त्यात बीसीसी कोणाकोणाला होतं ते सगळं निघतं. आमच्या आयटीवाल्याने एकदा काढून दाखवलं होतं.

पोस्टमन:
चहाटळ, तुमच्या आयटीवाल्याने पाठवणाऱ्याच्या सेंटमधली प्रत उघडली असेल, किंवा स्वतःच्या सर्व्हरचे लॉग बघितले असतील. तिथे दिसणारच. समोरच्याला आलेल्या प्रतीत नसतं.

मेल जाताना दोन वेगळ्या गोष्टी जातात. एक पाकीट आणि एक आतलं पत्र. सर्व्हर पाकिटावरचे पत्ते वाचून पोचवतो, त्यात टू, सीसी, बीसीसी असा भेदच नसतो, प्रत्येकासाठी एक `RCPT TO` एवढंच. आतल्या पत्रावर टू आणि सीसीच्या ओळी राहतात, बीसीसीची ओळ पाठवतानाच गाळतात. म्हणून कारकूनांच्या पुरवठादाराला हेडर उलटंसुलटं करूनही साहेब सापडले नसते. साहेब स्वतः बोलले म्हणून सापडले.

आपण बीसीसीत आहोत हे ओळखायचं तर टू आणि सीसी दोन्हीत आपलं नाव शोधा. नसेल तर एकच शक्यता उरते असं मात्र नाही, तुम्ही एखाद्या ग्रुपमधे असाल आणि टू मधे फक्त ग्रुपचं नाव दिसत असेल. ग्रुप उघडून बघायचा, त्यातही नसाल तर हात आवरायचा. आउटलुक काही ठिकाणी वर पट्टी दाखवतं की तुमचा पत्ता लपवलेला होता, सगळ्यांना उत्तर दिलंत तर कळेल. पण फोनवर घाईत ती पट्टी वाचतो कोण.

साहेबांना कळवायचंच असेल तर मेल आधी पाठवा, मग सेंटमधे जाऊन तोच मेल त्यांना फॉरवर्ड करा. त्यांनी रिप्लाय दाबलं काय नि रिप्लाय ऑल दाबलं काय, उत्तर तुम्हालाच येणार, कारण त्या फॉरवर्डवर बाकी कुणी नाहीच. दहा सेकंदं जास्त लागतात.

निळी_शाई:
म्हणजे शेवटी लपूनच ना? फक्त दोन पायऱ्यांत.

पोस्टमन:
हो. पण दार वाजलं तर तुमच्याच घराचं वाजतं.

मीनाक्षी_ताई:
मला वाटतं प्रश्न उलटा आहे. माझं नाव बीसीसीत टाकलं आणि त्यामुळे मला पुढचं काहीच कळलं नाही! मीटिंगची वेळ बदलली, सगळ्यांनी रिप्लाय ऑल करून ठरवलं, आणि मी एकटी रिकाम्या खोलीत जाऊन बसले. पहिला मेल मला आला, नंतरचे एकही नाही. यावर काय उपाय?

खडूस_कारकून:
ताई, ते तसंच व्हायचं. तुमचा पत्ता त्या पत्रावर नाहीच, मग बाकीच्यांच्या रिप्लाय ऑलमधे कुठून येणार. ज्याने तुम्हाला बीसीसीत टाकलं त्याला विचारा, मीटिंगला बोलवायचं होतं की फक्त कानावर घालायचं होतं.

मीनाक्षी_ताई:
विचारलं होतं. म्हणाला, "तुमचा इनबॉक्स भरू नये म्हणून." इतकी काळजी!

गप्प_बसा:
त्याने अर्धी गोष्ट बरोबर ऐकली होती बिचाऱ्याने. दोघांची ओळख करून देणाऱ्याला पुढच्या वीस मेलमधून सोडवायचं असेल तर उत्तर देताना त्याला सीसीतून काढून बीसीसीत टाकतात, आणि पहिल्याच ओळीत लिहितात की "ओळखीबद्दल आभार, तुम्हाला बीसीसीत घेतोय". त्याला तो शेवटचा मेल मिळतो, पुढच्या जंजाळातून सुटतो, आणि उघड सांगितल्यामुळे चोरी कुठेच नाही. निळी_शाई, हे तरी चालेल का तुमच्या राज्यात?

निळी_शाई:
चालेल. सांगून केलं तर काहीही चालेल, तेच तर म्हणतोय मघापासून.

पण तुम्ही सगळे बीसीसीवर अडकलात, खरा छळ सीसीचाच आहे. माझ्या हाताखालचा एक मुलगा मला मेल करतो आणि पहिल्याच मेलला माझ्या वरच्यांना सीसी. साधी रजेची चौकशी. मी काय खाऊन टाकणार होतो का त्याला?

चहाटळ:
आत्ताच म्हणालात ना, ज्याला कळवायचं त्याला उघड सीसीत ठेवा? ठेवलं त्याने 🙏

निळी_शाई:
शब्दात पकडू नका. कळवणं वेगळं आणि धाक दाखवणं वेगळं.

रविवारची_सकाळ:
धाक नाही दाखवला तर कामच होत नाही त्याचं काय? मी अकाउंट्सला सहा मेल टाकले एका बिलासाठी, सहाच्या सहा एकट्या माणसाला, नम्रपणे, "कृपया बघाल का". सातव्याला त्याच्या मॅनेजरला सीसी केलं, चाळीस मिनिटांत बिल पास. आता मी पहिल्यापासूनच करते. कोणाला राग येवो.

खडूस_कारकून:
आणि मग प्रत्येकजण पहिल्यापासून करायला लागला की त्या मॅनेजरला रोज दीडशे सीसी येतात, तो सीसीसाठी एक वेगळा फोल्डर करून नियम लावून टाकतो आणि ते कधीच उघडत नाही. आमच्याकडे अगदी हेच झालं. तुमचा सातवा मेल चालला कारण आधीचे सहा सीसीशिवाय होते.

रविवारची_सकाळ:
सहा मेल वाट बघायची हे तुम्ही सांगा माझ्या पुरवठादाराला. बसून सल्ले देणं सोपं असतं.

खडूस_कारकून:
सहा नका थांबू, दोन थांबा. तिसऱ्यात मॅनेजरला सीसीत घ्या आणि मेलमधेच लिहा की अमुक तारखेपर्यंत बिल निघालं पाहिजे म्हणून तुम्हालाही यात घेतलंय. नुसतं नाव गुपचूप वाढवलंत की समोरचा माणूस बिल सोडून तुमचा हिशोब करायला बसतो. आणि त्या मॅनेजरनेही नुसतं सीसीत बघून काही करायचं नसतं. त्याच्याकडून काही हवं असेल तर त्याला टू मधे घ्या आणि नाव घेऊन विचारा.

रविवारची_सकाळ:
बरं. तिसऱ्यात. पण "गुपचूप" शब्द मागे घ्या, सीसी गुपचूप कशी असेल, ती दिसते.

खडूस_कारकून:
घेतला.

गप्प_बसा:
आणि रिप्लाय ऑलचं राहिलंच. मायक्रोसॉफ्टमधे 1997 साली `Bedlam DL3` नावाची एक यादी निघाली, त्यात सुमारे 13,000 लोक. एकाने विचारलं मी या यादीत का आहे, मला काढा. बाकीच्यांनी सगळ्यांना उत्तर देऊन "मलाही", आणि त्यानंतर "रिप्लाय ऑल करू नका" हे सांगायला रिप्लाय ऑल. दीड कोटी मेल झाले म्हणतात, सर्व्हर आडवे. "बिघडलं काय" याचं उत्तर.

पोस्टमन:
आणि तिथे बीसीसीच कामाला येते. मोठी यादी बीसीसीत टाका, टू मधे स्वतःचा पत्ता. शंभरांनी रिप्लाय ऑल दाबलं तरी येणार एकट्या तुम्हाला.

चहाटळ:
म्हणजे बीसीसी चांगली. ठरवा बुवा एकदा.

पोस्टमन:
वर्गणीच्या आठवणीला चांगली. नाजूक माहितीला नाही. 2021 मधे `HIV Scotland` या संस्थेला ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी 10,000 पौंड दंड केला. 105 जणांना एक मेल गेला, पत्ते बीसीसीऐवजी सीसीत पडले. त्यातल्या 65 पत्त्यांवरून माणसांची नावंच कळत होती. हा पत्ता या यादीत आहे एवढं कळणंच पुरेसं होतं, मजकूर कोण वाचतो. वाईट म्हणजे घाऊक मेलसाठी वेगळी सोय त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती, तरी हाताने पत्ते चिकटवणं चालू होतं. अशा ठिकाणी मेल मर्ज वापरायचं, प्रत्येकाला स्वतंत्र मेल, चुकायला दुसरा पत्ताच नको. सीसी आणि बीसीसीचे रकाने एकमेकांच्या खाली असतात, बोट एक ओळ घसरलं की संपलं.

निळी_शाई:
ठीक आहे, बीसीसी काढून टाका हे मागे घेतो. "कारकून आणि पोस्टमन सोडून इतरांसाठी काढून टाका" असं वाचावं.

मीनाक्षी_ताई:
मला अजून कळलं नाही, पुढच्या वेळी मी मीटिंगला जाऊ की नको?

खडूस_कारकून:
ताई, टू मधे नाव असेल तर जा.

मीनाक्षी_ताई:
आणि सीसीत असेल तर?

रविवारची_सकाळ:
तर मला फोन करा, आपण दोघी मिळून त्याच्या मॅनेजरला सीसी करू.