मदत हवी आहे : अरबी अप्रत्यक्ष कथनात काळ बदलावा की नाही?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहून, कापूस वेचणीच्या धामधुमीतून वेळ काढत, अरबी शिकत आहे. माझी अडचण अप्रत्यक्ष कथनाची आहे.

अहमद म्हणाला, "अना मरीदुन", म्हणजे "मी आजारी आहे." हे सांगताना इंग्रजीत "मी"चा "तो" होतो आणि "आहे"चा "होता" होतो, आपल्या मराठीत मात्र "अहमद म्हणाला की मी आजारी आहे" असे दोन्ही जसेच्या तसे ठेवता येते. अरबी मला या दोहोंच्या मधली वाटते. "काला अहमदु इन्नहू मरीदुन" या वाक्यात "इन्नहू"मधला "हू" म्हणजे "तो", परंतु आजारपण वर्तमानातच राहते.

शाळेत घोकलेल्या इंग्रजी नियमाच्या सवयीने मी "काला इन्नहू काना मरीदन" असे लिहिले. त्याचा अर्थ, बोलण्याच्या आधीच तो आजारी होता, असा होतो, हे नंतर उमगले. ("काला"नंतर "अन्न" नव्हे, "इन्न" येते, ही चूकही आधी होत असे.) भविष्यकाळही टिकतो : "काला इन्नहू सयुसाफिरु", म्हणजे आपण प्रवासाला जाणार आहोत, असे तो म्हणाला.

आता प्रश्न असा की, मूळ वाक्यात "ग़दन", म्हणजे "उद्या", असेल आणि मी ते आठवड्याने सांगत असेन, तर क्रियापद तसेच ठेवून फक्त "ग़दन"च्या जागी "फ़िल्-यौमित्-ताली", म्हणजे "दुसऱ्या दिवशी", लिहावे काय? जाणकारांनी कृपया उदाहरणासह सांगावे.