आमसूल खायचं की ताटाबाहेर काढायचं?

"आमटीतली आमसुलं खायची असतात का? आणि आंबटपणासाठी चिंच असताना ती घालायची कशाला?"

बिनधास्त खा. ती कोकमाच्या फळाची साल, रसात बुडवून वाळवलेली. आमटीत शिजून फुगली की मऊ होते. फक्त बी राहिलेली नाही ना ते बघा, आणि जास्त उकळली असेल तर चोथट, तुरट लागते. तशी बाजूला ठेवली तरी बिघडत नाही, तिचं काम रश्श्यात झालेलं असतं.

काही जण चिंच आणि आमसूल एकच म्हणतात, ते पटत नाही. चिंचेच्या कोळाने रस्सा दाट आणि गढूळ होतो, आमसुलाने पातळच राहतो. त्याला फळाचा वास येतो, मागे किंचित तुरटपणा राहतो आणि माशाचा उग्र वास दबतो. शिवाय मीठ येतं, कारण वाळवताना ते लावलेलं असतं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत मिळणारं कोकणातलं आमसूल कधीकधी इतकं खारट असतं की वर मिठाचे कण दिसतात. म्हणून चौघांच्या तुरीच्या आमटीला चार-पाच आमसुलं पुरतात, पण ती डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला. आंबटात डाळ लवकर गळत नाही. पाच-सात मिनिटं मंद उकळा, मग चव बघून मीठ. नारळाचं दूध असेल तर ते शेवटी घालून आच बंद करा, नाहीतर फाटतं.